हातची कला आणि पार्सलाचे वजन



आपल्या वस्तीत हातात कला असलेली घरे पुष्कळ आहेत. कोणी क्रोशाचे विणकाम करते, कोणी आरीचे भरतकाम, कोणी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. या वस्तूंचे गिऱ्हाईक आजवर शेजारपाजारचे, नात्यातले, नाहीतर बाजारपेठेतला दुकानदार. दुकानदार सांगेल तो भाव. आता फोनवरून परगावच्या माणसालाही माल विकता येतो हे सर्वांच्या कानावर आहे. त्यामुळे मला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो, ‘‘मास्तर, कोणत्या साइटवर टाकू?’’

माझे म्हणणे असे की हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, माझ्या वस्तूंपैकी परगावी पाठवण्याजोगी कोणती? दुसरा, ती केवढ्याला द्यायची? ही दोन उत्तरे हाती नसताना साइटवर नाव नोंदवले, तर चार महिने राबून मजुरी कुठे गेली तेही कळत नाही.

पहिला प्रश्न वजनाचा आहे, पण वजन म्हणजे केवळ काट्यावरचे वजन नव्हे. खाजगी कुरियरवाले पार्सल काट्यावर ठेवतात आणि त्याची लांबी, रुंदी, उंचीही मोजतात. सेंटिमीटरमधल्या या तीन मापांचा गुणाकार करून त्याला बहुधा ५००० ने भागतात. जो आकडा येतो ते आकारमानाचे वजन, किलोमध्ये. काट्याचे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर पैसे घेतात. आठवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि पालकांनी ते मुलांकडूनच करवून घ्यावे.

गोधडीचे उदाहरण घ्या. काट्यावर अडीच किलो. घडी घालून खोक्यात भरली तर खोके ४५ बाय ४० बाय २५ सेंटिमीटर. गुणाकार ४५,०००, भागिले ५०००, म्हणजे ९ किलो. अडीच किलोच्या गोधडीला नऊ किलोचे भाडे! तीच गोधडी घट्ट दाबून, दोरीने आवळून १२ सेंटिमीटर उंचीत बसवली तर हिशेब सव्वाचार किलोच्या थोडा वर येतो. निम्म्याहून कमी झाला, तरीही काट्यापेक्षा जास्तच. आता क्रोशाचा टेबल रनर घ्या, म्हणजे मेजावर मधोमध आडवी घालायची लांब पट्टी. घडी घालून पाकिटात भरला की ३० बाय २२ बाय ३ सेंटिमीटर. हिशेब ४०० ग्रॅमचाही होत नाही. म्हणून ज्याने आजवर एकही पार्सल पाठवलेले नाही, त्याने पहिली वस्तू सपाट, हलकी आणि न फुटणारी निवडावी. गोधडी उत्तमच आहे, पण तिचे गिऱ्हाईक आधी गावात शोधावे.

दुसरा प्रश्न किमतीचा. येथे आपल्या भगिनी हमखास फसतात, कारण घरातल्या वेळेला त्या काहीच मोल धरत नाहीत. ‘‘दुपारी बसल्या बसल्या विणते, त्याचे काय पैसे लावायचे?’’ असे एक खाला मला म्हणाल्या. पैसे लावायचे. त्यासाठी एकाच नमुन्याचे पाच नग विणा आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते वहीत लिहा. पहिल्या नगाचा वेळ धरू नका, हात बसल्यानंतरचा धरा.

समजा, एका रनरला नऊ तास लागले. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ५४० रुपये. सूत १२० रुपयांचे, पाकीट आणि चिकटपट्टी २० रुपये, टपाल ८० रुपये. एकूण ७६० रुपये. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. आपापल्या गावचा सुताचा भाव आणि टपाल कचेरीतला दर घालून प्रत्येकाने नवा हिशेब मांडावा.

आता मोठ्या साइटवर विकायचे तर साइट आपला वाटा कापून घेते. कमिशन आणि इतर आकार वस्तूगणिक व साइटगणिक निराळे असतात आणि त्या आकारांवर १८ टक्के जीएसटीही लागतो. सारे मिळून १५ टक्के जातात असे धरू. पुष्कळ लोक ७६० चे १५ टक्के काढून ११४ रुपये मिळवतात आणि किंमत ८७४ ठेवतात. हे चूक आहे. साइट आपले १५ टक्के ७६० वर घेत नाही, विक्रीच्या किमतीवर घेते. ८७४ वर १३१ रुपये जातील, हाती ७४३ राहतील, आणि नगामागे १७ रुपये मजुरीतून जातील. बरोबर रीत अशी की शंभरातले पंच्याऐंशी आपल्याला मिळणार, म्हणून ७६० ला ०.८५ ने भागावे. उत्तर ८९४ येते, म्हणजे किंमत ९०० रुपये.

९०० रुपयांना कोणी घेईल का, हा प्रश्न रास्त आहे. साइटवर शेजारीच यंत्रावर विणलेला रनर ३०० ला दिसेल. तेव्हा मजुरी कापू नये, वस्तू बदलावी. कपाखाली ठेवायच्या क्रोशाच्या चकत्या, सहांचा एक संच, तीन तासांत होतो असे धरा. मजुरी १८०, सूत ४०, पाकीट १५, टपाल ७०, एकूण ३०५. ०.८५ ने भागून किंमत साधारण ३६० रुपये. पण नीट पाहा, ३०५ पैकी ७० रुपये एकट्या टपालाचे आहेत. तेच दोन संच एका पाकिटात घातले आणि पाकीट टपालाच्या त्याच वजनटप्प्यात राहिले, तर टपाल एकदाच पडते. एकूण खर्च ५२५, किंमत ६२० रुपये, म्हणजे संच ३१० ला पडला. गिऱ्हाइकाचे ५० रुपये वाचले आणि आपली मजुरी एक पैशानेही घटली नाही. हलक्या वस्तू जोडीने विकाव्यात त्या यासाठी.

आता तिसरा प्रश्न, विकायचे कुठे. माझा सल्ला असा की पहिले दहा नग कोणत्याही साइटवर न टाकता व्हॉट्सअॅप बिझनेस या मोफत अॅपमधून विकावेत. त्यात वस्तूंची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते आणि कमिशन जात नाही. फोटोसाठी कॅमेरा विकत घेण्याचे कारण नाही. सकाळी खिडकीजवळ, ऊन अंगावर न येईल अशा जागी, पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवावी आणि एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवावी. परत येणाऱ्या मालाच्या पुष्कळ तक्रारी ‘‘मला मोठे वाटले होते’’ आणि ‘‘रंग निराळा निघाला’’ याच असतात. म्हणून माप सेंटिमीटरमध्ये लिहावे, सूत कोणते ते लिहावे, आणि रंग जातो की नाही हे स्वतः एक नग धुऊन पाहिल्यावरच लिहावे.

पहिले पार्सल गिऱ्हाइकाला पाठवू नका. नागपूर किंवा नाशिकला असलेल्या आपल्याच नातेवाइकाला पाठवा. वस्तू आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड पाकिटात घाला. पावसाळ्यात हे विसरून चालत नाही, कारण ओलसर सुताला दोन दिवसांत कुबट वास लागतो. पत्ता, पिनकोड, मोबाइल क्रमांक ठळक लिहा आणि आपला परतीचा पत्ताही लिहा. घरात पीठ मोजायचा छोटा काटा असेल तर त्यावर पार्सल ठेवून आकड्यासकट फोटो काढा. पुढे वजन जास्त भरले म्हणून जादा पैसे कापले गेले, तर तक्रारीला हाच पुरावा असतो. टपाल कचेरीत वडीलधारी मंडळी अजून ‘रजिस्टर’ मागतात. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा स्पीड पोस्टच सांगावे. पावतीवर अक्षरे आणि अंक मिळून १३ खुणांचा क्रमांक असतो. त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवला की पार्सल कुठवर आले ते त्याला पाहता येते आणि तुमचा फोन वाजत राहत नाही.

पैशाच्या बाबतीत कडक राहावे. पैसे आधी, पार्सल नंतर. माल पोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत गिऱ्हाइकाने दारातून माल परत केला, तर सहसा जाण्याचे भाडे आपल्यावर पडते आणि पुष्कळदा येण्याचेही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दुसरा धोका ठगांचा. एक ठराविक प्रकार असा. फोन येतो, ‘‘मी लष्करात आहे, सगळे नग घेतो, भाव विचारत नाही.’’ मग तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन घातलात की पैसे तुमच्या खात्यात येतील असे सांगतो. ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. पैसे पाठवल्याचा नुसता फोटो दाखवणाऱ्यावरही भरवसा ठेवू नका. बँकेच्या खात्यात रक्कम दिसेल तेव्हाच टपाल कचेरीची पायरी चढावी. विद्यार्थ्यांनी हे आपल्या अम्मीला, दादीला शेजारी बसून दाखवावे, कारण फोन त्यांच्या हातात असतो आणि ठग त्यांनाच गाठतो.

दहा पार्सले सुखरूप गेली की साइटचा विचार करावा. येथे कायद्याची एक गोष्ट माहीत हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेला महाराष्ट्रातला छोटा विक्रेता, राज्यातल्या राज्यात अशा साइटवरून जीएसटी क्रमांकाशिवाय विकू शकतो. मात्र पॅन कार्ड लागते आणि जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. साइटमार्फत परराज्यात विकायचे असेल तर जीएसटीची पूर्ण नोंदणी आणि तिची विवरणपत्रे आली. म्हणून पहिले वर्ष राज्यातच विकावे. टपालही कमी पडते. बेळगाव, हैद्राबादचे गिऱ्हाईक आले तर आधी कर सल्लागाराला विचारावे.

साइटवर शिल्लक नगांचा आकडा खरा टाकावा. पेटीत दोन रनर असताना पाच दाखवले आणि पाच मागण्या आल्या, तर पाठवण्याची मुदत एकदोन दिवसांचीच असते. नऊ तासांचे काम तेवढ्यात तिनदा होत नाही. मागणी रद्द करावी लागते, आणि मागण्या रद्द करणाऱ्या विक्रेत्याचा माल साइट यादीत खाली ढकलते. सणाच्या आधी तर हा आकडा रोज रात्री पाहावा, आणि तयार नग संपला की तो शून्य करून ठेवावा.