कळसूबाई कुठंय?
(सहलीच्या व्हिडिओंतून छोटी गोष्ट कशी काढावी)



श्रावणात आपल्या नगर जिल्ह्यातल्या निम्म्या गाड्यांची तोंडं अकोल्याकडं वळतात. भंडारदरा, रतनवाडी, रंधा धबधबा. गाडीत पाच माणसं असली तर पाच फोन असतात आणि परत येताना त्या फोनांत दीड-दोन तासांचं चित्रण साठलेलं असतं. पुढं त्याचं काय होतं? घरच्या ग्रुपवर दहा-बारा तुकडे पडतात, बाकीचे फोनची जागा संपली की पुसले जातात. या ढिगातून तीन-साडेतीन मिनिटांची, पाहुण्यांनाही बघावीशी वाटेल अशी फिल्म कशी तयार करायची, ते आज सांगतो. त्यासाठी एक नमुन्याची सहल धरू. नगरचं एक कुटुंब आहे: आई, बाबा, आजी, मामा आणि दहा वर्षांची मुलगी. दोन दिवसांचा भंडारदरा. चित्रण सगळं मिळून पावणेदोन तास.

पहिलं काम गोळा करण्याचं. इथंच बरेचजण फसतात, कारण ते सगळ्यांना सांगतात, ‘व्हॉट्सॲपवर टाका रे.’ तसे आलेले व्हिडिओ दाबून लहान केलेले असतात. पानांवरचे थेंब, धुक्यातला कडा, सगळं पुसट होतं. शिवाय चित्रण कधी झालं ती वेळही बहुतेकदा निघून जाते आणि रतनवाडी आधी की रंधा आधी, हे मग आठवणीवर ठरवावं लागतं. म्हणून मूळ फाइलीच घ्या, वायरनं घ्या किंवा पेन ड्राइव्हवर. साध्या फुल एचडी चित्रणाला मिनिटामागं शंभर-सव्वाशे एमबी लागतात, म्हणजे पावणेदोन तासांना साडेदहा ते तेरा जीबी जागा हवी. एक प्रत बाजूला ठेवून द्या आणि तिला हात लावू नका.

आता वही घेऊन बसा आणि सगळं एकदा ओळीनं बघा. कंटाळा येईल, पण हे टाळता येत नाही. प्रत्येक तुकड्यासमोर एक ओळ लिहा. ‘धबधबा’ एवढं लिहून भागत नाही. तुकड्यात कोण काय करतंय, काय बोलतंय, ते लिहायचं. ‘मामा छत्री उघडतो, ती उलटी होते.’ ‘आजी म्हणते, पायऱ्या निसरड्या आहेत.’ असं लिहायला लागलात की एक गोष्ट लक्षात येते. मामानं रंध्याचे अकरा व्हिडिओ काढलेत आणि अकरांसमोर एकच शब्द आहे, ‘पाणी’. त्यातला एक पुरे. उरलेले पुसू नका, ‘शिल्लक’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. पुसायचं नाही हे ठरलं, की वगळायला मन धजतं.

आणि आता आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा. बहुतेक लोक सकाळी गाडी सुरू झाली तिथून फिल्म जोडायला घेतात आणि रात्री घरी पोचले तिथं थांबवतात. त्यातून सहलीची हजेरी तयार होते, गोष्ट होत नाही. तुम्ही शेवटापासून सुरू करा. वहीत शोधा, कुठल्या तुकड्यावर कोणीतरी काही बोललं आणि त्यानं सहल मिटली?

आपल्या नमुन्यात तो तुकडा असा आहे. परतीच्या वाटेवर राजूरला गाडी थांबलीय. राजूरचे पेढे प्रसिद्ध, ते सोडून कोण पुढं जाणार? दुकानासमोर मुलगी फुरंगटून उभी आहे आणि आजी तिच्या हातावर पेढा ठेवत म्हणते, ‘कळसूबाई राहिली तर राहिली, हा घे.’ मुलगी रागातच पेढा तोंडात टाकते, आणि हसते.

हा शेवट मिळाला की सुरुवात आपोआप शोधता येते. कळसूबाई राहिली, असं आजी म्हणते. म्हणजे ती बघायची होती, हे आधी कळायला हवं. वही चाळा. जाताना, राजूरच्या अलीकडं, गाडीत मुलगी विचारते, ‘बाबा, कळसूबाई कुठंय?’ बाबा काचेबाहेर बोट दाखवतात. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, सोळाशे शेहेचाळीस मीटर, आणि बोटापुढं नुसतं पांढरं धुकं. ही आपली सुरुवात. बघणाऱ्याच्या मनात प्रश्न पडला, दिसणार का? आता तो बसून राहील. राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले हा सगळा रस्ता, वाटेतला चहा, गाडीतल्या भेंड्या, यातलं काहीही लागत नाही.

मधल्या भागासाठी एकच कसोटी. जो तुकडा कळसूबाई दिसण्याची आशा वाढवतो किंवा घालवतो, तो आत. शेंडी गावात पोचल्यावर धरणाच्या बाजूनं थोडं उजाडतं, मुलगी धावते, पुन्हा धुकं उतरतं. चाळीस सेकंद. रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिराशी पाऊस, ओला काळा दगड, आणि बाहेर चहाच्या टपरीवरची बाई सांगते, ‘थांबा की, आत्ता उघडंल.’ सगळे थांबतात. उघडत नाही. हा भाग मिनिटभर चालू द्या, इथं माणसं भेटतात. मग रंधा, वीस-पंचवीस सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी खोलीची खिडकी उघडते, बाहेर पांढरं. हा तुकडा दहा सेकंदांचा असला तरी सबंध फिल्मचा कणा आहे, कारण इथं आशा संपते. मग राजूर. बेरीज साडेतीन मिनिटांच्या आत येते.

मंदिराचं कोरीवकाम मामानं फार सुरेख टिपलंय, त्यातलं बरंच बाहेर राहील. मामा रुसेल. त्याला वेगळी फिल्म करून द्या.

गोष्ट पुढं नेणारं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं गाळायचं, आपले दादासाहेब फाळके हेच करत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला. त्याआधी त्यांनी एक छोटी फिल्म केली, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची. रोप वाढत असताना ठरावीक वेळानं थोडं थोडं चित्रण करायचं आणि मधला सगळा वेळ सोडून द्यायचा. बघणाऱ्याला काही क्षणांत बी उगवून वर आलेलं दिसलं. सुरुवातीला बी, शेवटी वेल, आणि मध्ये फक्त तेवढंच, ज्यानं रोप पुढं सरकलं. भांडवल देणाऱ्याला सिनेमा म्हणजे काय हे पटवायला त्यांना एवढं पुरलं.

आता प्रत्यक्ष कापणं. मोबाइलवर व्हीएन किंवा काइनमास्टर चालेल, संगणक असेल तर दा विंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं. साधन कुठलंही असो, प्रत्येक तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं सेकंद काढून टाका, कारण बटण दाबताना हात हलतो. मग विचारा, या तुकड्यात घडतं ते नेमकं कधी? त्याच्या जरासं आधी आत शिरा आणि घडून गेलं की लगेच बाहेर पडा. चेहरा जवळून असेल तर दोन-तीन सेकंदांत डोळा भरतो. लांबचा देखावा, त्यात माणसं बारीक, तर पाच-सहा सेकंद द्या. कोणी बोलत असेल तर घड्याळ बघू नका, वाक्य पुरं होऊ द्या. फोन डावीकडून उजवीकडं फिरवलेले तुकडे सर्वांत त्रासाचे. त्यात फिरणं थांबल्यावरचा स्थिर भाग तेवढा घ्या.

एक अडचण हमखास येते. टपरीवरची बाई दोन मिनिटं बोलते, कामाचं वाक्य सुरुवातीला एक आणि शेवटी एक. मधलं कापलं तर तिचं डोकं टुणकन उडी मारतं. अशा वेळी जोडावर दुसरं चित्र ठेवायचं, तिचा आवाज खाली तसाच चालू. उकळता चहा, आजीच्या हातातला कप, छपरावरून गळणारं पाणी. म्हणून सहलीत असे बारीकसारीक तुकडे मुद्दाम काढून ठेवा, पाच-पाच सेकंद, हात न हलवता. तिथं त्यांचं मोल कळत नाही, टेबलावर कळतं.

आडवं आणि उभं चित्रण मिसळलं असेल तर आधीच एक बाजू ठरवा. उभं चित्र आडव्या चौकटीत भरून बसवलं तर त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो, डोकी किंवा पाय जातात. निम्म्याहून जास्त चित्रण उभं असेल तर फिल्म उभीच करा.

आता आवाज. घरच्या फिल्मा चित्रामुळं कमी आणि आवाजामुळं जास्त फसतात. रंध्याच्या तुकड्यात पाण्याचा गडगडाट, पुढच्यात गाडीतली शांतता, त्यापुढं वाऱ्याची घरघर. प्रत्येक जोडावर कानाला ठेच लागते. यावर उपाय असा. एखाद्या तुकड्यातून पावसाचा सलग अर्धा मिनिट आवाज वेगळा काढा, त्यात कोणी बोलत नसावं. तो हळू करून रतनवाडीच्या सगळ्या चित्रांखाली अंथरा. ठेच जाते. दुसरी युक्ती, पुढच्या चित्राचा आवाज सेकंदभर आधी येऊ द्या. खिडकीबाहेर पांढरं दिसतंय आणि राजूरच्या बाजाराचा गलका सुरू झाला, तर बघणारा स्वतःच पुढं निघतो. वाऱ्यानं खाल्लेले शब्द मात्र कशानंही परत येत नाहीत. ते वाक्य गरजेचं असेल तर आजीला घरी बसवून पुन्हा सांगायला लावा, पंखा बंद करून, फोन तोंडाशी धरून, आणि तो आवाज चित्रावर ठेवा. गाणं टाकायचंच असेल तर एकच टाका, आणि माणूस बोलला की ते खाली आणा. सिनेमाचं गाणं घरात चालतं, पण यूट्यूबवर हक्कांच्या कारणानं अडू शकतं.

कधी शेवट मिळतच नाही. राजूरला कोणी फोन बाहेर काढलेलाच नसतो. मग वहीत जो शेवट आहे, त्याला जुळणारा लहान प्रश्न शोधा. ‘मामाची छत्री टिकणार का?’ यावरही दीड मिनिटाची झकास फिल्म होते. न टिपलेली सहल ओढूनताणून उभी करू नका.

फिल्म झाली की ती सहलीला न आलेल्या माणसाला दाखवा. तुम्ही पडद्याकडं बघू नका, त्याच्याकडं बघा. त्यानं मध्येच ‘हे कोण?’ विचारलं तर त्या माणसाची ओळख उशिरा झालीय. पेढ्याला तो हसला नाही तर सुरुवातीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, तो तुकडा चार सेकंदांनी लांबवा. आणि ज्या जागी त्याचा हात खिशातल्या फोनकडं गेला, ती वेळ वहीत लिहून ठेवा. कात्री तिथंच लावायची आहे.