निकाल अडुसष्ट टक्क्यांवर, दाखला पन्नास टक्क्यांचा



हुणसूरला जमलेल्या वकिलांपुढे अध्यक्ष या नात्याने आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. अपिलातला लांबलचक निकाल वाचून ज्युनिअरसाठी टिपण करताना बंधनकारक रेशो कोणता आणि ओघात आलेले ऑबिटर कोणते, हे वेगळे कसे काढायचे? उदाहरण याच राज्याचे घेतो. देवराज अरस विधानसभेत याच हुणसूरचे प्रतिनिधी होते. त्यांच्या सरकारने १९७२ मध्ये हावनूर आयोग नेमला, तेव्हा आयोगापुढे दहा वर्षांपूर्वीचा एक निकाल होता : एम. आर. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा हा एकमताचा निकाल न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला.

म्हैसूर सरकारने ३१ जुलै १९६२ च्या आदेशाने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ६८ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या : मागास २८, अधिक मागास २२, अनुसूचित जाती १५ आणि अनुसूचित जमाती ३. न्यायालयाने हा आदेश रद्द केला तो एकाच कारणाने नव्हे. मागासलेपण जवळजवळ जातीवरच ठरवले होते. मागास आणि अधिक मागास ही विभागणी कलम १५(४) मध्ये बसत नव्हती. आणि ६८ टक्के हे प्रमाण इतरांच्या हक्कांशी मेळ न राखणारे, अवाजवी होते. याच ओघात न्यायालय म्हणाले की, ढोबळमानाने बोलायचे तर राखीव जागा पन्नास टक्क्यांहून कमी असाव्यात, किती कमी ते त्या त्या परिस्थितीवर ठरेल. बहुतेक टिपणांत मात्र एवढेच उतरते : ‘बालाजी : पन्नास टक्क्यांची मर्यादा’.

हे रेशो आहे का? रूढ कसोटी अशी : विधान उलटे करून पाहा, आदेश बदलतो का? पन्नासऐवजी साठ ही मर्यादा धरली, तरी ६८ टक्क्यांचा आदेश टिकत नाही. म्हणजे निकालाला पन्नास हा आकडा लागतच नव्हता. लागत होते ते एवढेच, की विशेष तरतुदीला वाजवी सीमा आहे आणि ६८ टक्क्यांनी ती ओलांडली. शिवाय ‘ढोबळमानाने’ हा शब्द न्यायालयाने स्वतः घातला आहे. टिपण करणाऱ्याने तो गाळला, तर विधानाचे वजन तो परस्पर वाढवतो.

पण हीच कसोटी पुढे रेटली की फसते. सीमाच नाही असे धरले, तरी आदेश जातीच्या मुद्द्यावर पडलाच असता. मग सीमेचे तत्त्वही ऑबिटर म्हणायचे का? तसे केले तर तिन्ही कारणे पाळीपाळीने ऑबिटर ठरतील आणि निकालाला रेशोच उरणार नाही. म्हणून अनेक स्वतंत्र कारणे असतील तेव्हा प्रत्येक मुद्दा वेगळा घ्यावा : तो वादात होता का, त्यावर युक्तिवाद झाला का, न्यायालयाने त्यावर निष्कर्ष दिला का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तो रेशो. मग उलटी कसोटी त्या मुद्द्यापुरतीच लावायची.

आक्षेप येतो की कलम १४१ खाली सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्वांना बांधतो. तालुक्याच्या कोर्टात ही चिरफाड कशाला? खालच्या कोर्टांनी सर्वोच्च न्यायालयाच्या विचारपूर्वक केलेल्या ऑबिटरलाही मान द्यायचा असतो, हे खरे. पण त्याच न्यायालयाने १९६७ मध्ये सुधांशु शेखर मिश्र प्रकरणात सांगितले की, निकाल हा प्रत्यक्षात जे ठरवतो त्यापुरताच आधार असतो, त्यातून तर्काने जे जे निघेल त्या सगळ्याला नव्हे. समोरचा वकील हा फरक दाखवतो तेव्हा उत्तर टिपणातच तयार असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तो आकडा अखेर बंधनकारक झालाच ना? झाला, पण बालाजीमुळे नव्हे. १९९२ मध्ये इंद्रा साहनी प्रकरणात बहुमताने तो नियम म्हणून स्वीकारला, अपवादात्मक परिस्थितीची वाट ठेवून. २०२१ मध्ये मराठा आरक्षण रद्द झाले ते त्या निकालाच्या जोरावर. आणि ज्या विभागणीवर बालाजीने स्पष्ट निष्कर्ष दिला होता, तो निष्कर्ष मात्र इंद्रा साहनीने मान्य केला नाही. मागास आणि अधिक मागास असा भेद करता येतो, असे ठरले. ओघातले वाक्य पुढे नियम झाले आणि खरा रेशो गेला. ‘बालाजी : पन्नास टक्के’ एवढ्या ओळीतून ज्युनिअरला यातले काहीच कळत नाही.

म्हणून टिपणात मुद्दा, त्यावरचा निष्कर्ष, तो ज्यावर उभा आहे ती तथ्ये आणि परिच्छेद क्रमांक एकत्र असावेत. ‘न्यायालयाने ठरवले’ आणि ‘न्यायालय म्हणाले’ ही क्रियापदे अदलाबदलीने वापरू नयेत, आणि पुढच्या निकालांनी त्या विधानाचे काय केले ते त्याच्याच खाली लिहावे. हेडनोटवरून टिपण करू नये. ती संपादकाची असते, न्यायालयाची नव्हे. ज्युनिअर मंडळींना माझी विनंती आहे : पुढच्या वेळी ‘पन्नास टक्के’ म्हणून बालाजी उद्धृत करण्याआधी तो परिच्छेद उघडून ‘ढोबळमानाने’ हा शब्द वाचा, आणि मग दाखला इंद्रा साहनीचा द्या.