छातीत कळ उठली असता अ‍ॅस्पिरिन



आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म शाळेत मुले शिकविण्यात गेला. म्हणून वैद्यकशास्त्रात जे सर्वमान्य झाले आहे, तेवढेच येथे सांगू.

हृदयाच्या रक्तवाहिनीचा आतील थर फाटला, की तेथे रक्तातील प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात व गुठळी धरते. अ‍ॅस्पिरिन ही गुठळी विरघळवीत नाही, ती कणांचे चिकटणे थांबविते. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-2’ या प्रयोगात सुमारे 17,000 रुग्ण होते. ज्यांस महिनाभर रोज सुमारे 160 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, त्यांच्यात पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू जवळजवळ चतुर्थांशाने घटले.

आता असे समजा, की पहाटे तीन वाजता साठीच्या एका गृहस्थांस छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटते, दरदरून घाम सुटतो, कळ डाव्या हातात व जबड्यात जाते. घरची मंडळी म्हणतात, ‘पित्त झाले असेल’, आणि ओवा शोधू लागतात. (आमच्या समाजात ओव्यावर फारच भिस्त!) वस्तुतः प्रथम 108 क्रमांकास दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. गोळीच्या शोधात हे काम मागे पडता कामा नये.

मग गृहस्थांस बसते करावे व विचारावे: अ‍ॅस्पिरिनने पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या होत्या काय, दम लागला होता काय? शौच डांबरासारखे काळे होते काय? पोटातील व्रणातून किंवा मेंदूत अलीकडे रक्तस्राव झाला होता काय? रक्त न गोठण्याचा विकार आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास गोळी देऊ नये. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नये. तोंड वाकडे झाले, वाचा अडखळली किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. तो मेंदूतील रक्तस्रावाने झाला असल्यास अ‍ॅस्पिरिन घातक ठरते. छातीतून पाठीत काही फाटत गेल्यासारखी एकाएकी कळ आली, तरीही देऊ नये. तेथे महारोहिणीच चिरली असण्याचा संभव असतो.

हरकत नसल्यास मात्रा सामान्यतः 300 मिलिग्रॅमची. घरात वडिलांच्या 75 मिलिग्रॅमच्या गोळ्या असल्या, तर चार गोळ्या एकदम तोंडात घालून चांगल्या चावाव्या व मग गिळाव्या. चव आंबट-कडू लागते, तिकडे लक्ष देऊ नये. चावण्याचे कारण असे, की या लहान गोळ्यांवर बहुधा लेप असतो. सबंध गिळली तर ती आतड्यात पोहोचल्यावरच विरघळते व त्यात फार वेळ जातो. साध्या गोळीचेही तसेच: 1999 सालच्या एका परीक्षणात चावलेल्या गोळीचा जो परिणाम पाच मिनिटांत दिसला, त्यास सबंध गिळलेल्या गोळीने बारा मिनिटे घेतली.

पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन यांची गोळी हे काम करीत नाही. ती अ‍ॅस्पिरिनऐवजी देऊ नये. अ‍ॅस्पिरिन घेऊन बरे वाटले, तरी रुग्णवाहिका परत पाठवू नये, आणि गोळी किती वाजता व किती दिली ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे.