फोटोतला ढीग आणि ब्रासचा हिशेब

वाळूचा ढीग दारात पडला की पहिला प्रश्न येतो, किती ब्रास आहे? सोनपेठसारख्या गोदाकाठच्या तालुक्यात हा प्रश्न रोजचाच आहे. घर बांधणारा तो गवंड्याला विचारतो, गवंडी ट्रॅक्टरवाल्याला. नदीपात्राबाहेर बेवारस साठा सापडला, तर तलाठ्यालाही पंचनाम्यात तोच आकडा लिहावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ मध्ये बेकायदा गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा आकडा चुकला की दंडही तितक्याच पटीत चुकतो. घरकुल लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे धोरण आहे. पाच ब्रास म्हणून आलेला ढीग खरोखर पाच ब्रास आहे का, हे त्यालाही कळायला हवे.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीत वाळू असते तेव्हा लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला की काम होते. एकदा ओतली की ती पसरते, आणि माप डोळ्याच्या अंदाजावर जाते. टेप घेऊन ढिगाभोवती फिरणे केव्हाही उत्तम. पण ढीग रात्रीतून उचलला जाणार असेल, किंवा नंतर वाद होण्याची शक्यता असेल, तेव्हा मोबाइलवर काढलेला एक नीट फोटो मोजमापही देतो आणि पुरावाही राखतो. त्या फोटोत लांबी माहीत असलेली एक वस्तू मात्र हवी.

ही वस्तू म्हणजे सहा फुटी बांबू पुरे. दर फुटावर चुन्याचा किंवा रंगाचा पट्टा मारावा. माणूस उभा करणेही चालते, पण माणूस वाकतो, चप्पल घालतो, त्याची उंची लिहून ठेवायची राहून जाते. घमेले आणि फावडे मोठ्या ढिगापुढे फारच लहान दिसतात, आणि लहान वस्तूवरून मोठी लांबी काढताना मोजण्यातली बारीकशी चूक दहापट होऊन येते.

आता एक ढीग समोर घेऊ. गोल, टोकदार, एका जागी ओतलेला. बांबू त्याच्या कडेला, ढिगाच्या मध्याच्या रेषेत उभा आहे. फोटो लांबून घेतला आहे. फोटोत सहा फुटी बांबू ४५० ठिपके उंच भरतो, म्हणजे एक फूट बरोबर ७५ ठिपके. फोटोची छापील प्रत असेल तर ठिपक्यांऐवजी पट्टीवरचे मिलिमीटर घ्यावेत, रीत तीच. ढिगाचा पाया डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत १२०० ठिपके, म्हणजे १६ फूट. शिखर ३९० ठिपके उंच, म्हणजे ५.२ फूट. शाळेत शिकलेले शंकूचे सूत्र लावायचे: पायाच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले उंची, गुणिले ३.१४, आणि त्याचा तिसरा हिस्सा. त्रिज्या ८, वर्ग ६४. उत्तर येते सुमारे ३४८ घनफूट. साडेतीन ब्रास.

गणित इतकेच आहे. घोटाळा होतो तो फोटो काढताना.

पहिली चूक बांबूच्या जागेची. बहुतेक जण तो ढिगाच्या पुढ्यात, आपल्या बाजूच्या पायथ्याशी रोवतात, कारण तिथे तो छान दिसतो. फोटो काढणारा ढिगाच्या मध्यापासून २४ फुटांवर उभा असेल, तर पुढचा पायथा त्याच्यापासून १६ फुटांवरच येतो. जवळचा बांबू दीडपट मोठा दिसतो. मग त्याच्याशी ताडून काढलेली ढिगाची प्रत्येक लांबी दोन तृतीयांश भरते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटल्या की घनफळ २७ पैकी ८ हिश्शांवर येते. साडेतीन ब्रासचा ढीग कागदावर जेमतेम एक ब्रास होतो. घनफळाच्या कामात लांबीची चूक तीनदा गुणली जाते. लांबीत दहा टक्के जास्त धरले तर घनफळात तेहेतीस टक्के जास्त येतात.

दुसरी चूक उलट दिशेची आहे आणि ती लक्षातही येत नाही. उभे राहून, डोळ्याच्या उंचीवरून फोटो घेतला की ढिगाचा पुढचा पायथा फोटोत खाली उतरलेला दिसतो. तिथपासून शिखरापर्यंत मोजले, तर २४ फुटांवरून आणि पाच फूट उंचीवरून घेतलेल्या फोटोत अडीच फूट फुकटची उंची मिळते. ५.२ चे ७.७ होतात आणि साडेतीन ब्रासचे पाच ब्रास भरतात! घरकुलाच्या दारात हाच फोटो दाखवला, तर माल पुरा दिल्यासारखा दिसेल. म्हणून उंची पुढच्या पायथ्यापासून न मोजता डाव्या-उजव्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून मोजावी, आणि फोटो उकिडवे बसून, मोबाइल जमिनीलगत धरून काढावा.

अंतराचाही प्रश्न आहे. फार जवळून ढीग आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. ढिगाच्या रुंदीच्या चौपट मागे जाऊन झूम केले, तर ही चूक एका टक्क्याच्या आत येते. सोळा फुटी ढिगासाठी चौसष्ट फूट मागे जावे लागते. गल्लीत तेवढी जागा नसेल तर निदान जितके जाता येईल तितके जावे. मोबाइलची वाइड लेन्स या कामात वापरूच नये, ती कडा ताणते.

फोटो फसला की नाही, हे ओळखायला वाळूच मदत करते. कोरडी वाळू ओतली की तिचा उतार आपोआप ३० ते ३५ अंशांवर थांबतो, त्याहून उभी ती राहत नाही. म्हणजे उंची भागिले त्रिज्या हा आकडा ०.६ ते ०.७ च्या आसपास यायला हवा. आपल्या उदाहरणात ५.२ भागिले ८, म्हणजे ०.६५, हिशेब बसतो. उभे राहून काढलेल्या फोटोत ७.७ भागिले ८ म्हणजे ०.९६ येते, उतार ४४ अंशांचा. कोरड्या वाळूत हे होत नाही. वाळू ओली असेल तर उभी राहू शकते, मग फोटोसोबत तेही लिहून ठेवावे.

ओलाव्याचा आणखी एक परिणाम खरेदी करणाऱ्याने ध्यानात घ्यावा. किंचित ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसून ते एकमेकांपासून दूर राहतात, आणि घनफळ पावपट वाढणे सहज घडते. साडेतीन ब्रासची ओलसर वाळू कोरडी झाल्यावर २.८ ब्रास भरेल. यात कोणी फसवलेलेच असेल असे नाही, पण माल मोजून घेताना हा फरक बोलून ठेवावा.

ट्रॉल्या एकामागे एक रित्या केल्या की ढीग लांबट होतो, आणि तिथे शंकूचे सूत्र चालत नाही. अशा वेळी दोन फोटो घ्यावेत, एक आडवा, एक टोकाकडून. समजा रुंदी १६ फूट, उंची ५.२ फूट आणि वरची धार २० फूट लांब आहे. मधला भाग म्हणजे रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराचा निम्मा, गुणिले २०. हे ८३२ घनफूट. दोन्ही टोकांचे अर्धे शंकू मिळून तोच ३४८ घनफुटांचा एक शंकू. बेरीज ११८०, म्हणजे जवळजवळ बारा ब्रास. याच ढिगाला ३६ फूट लांबीचा लंबगोल शंकू समजले तर आठ ब्रासही भरत नाहीत.

मातीच्या ढिगाला उताराची ही पडताळणी लावता येत नाही. ओल्या काळ्या मातीची ढेकळे जवळजवळ उभी राहतात, शेतात टाकलेल्या गाळाचा उतार ठिकठिकाणी वेगळा असतो, आणि खणलेली माती जमिनीत होती त्याहून जास्त जागा व्यापते. तिथे चारही बाजूंनी फोटो काढून ढिगाचे दोन-तीन तुकडे करून मोजणे बरे. आणि ढीग सपाट जमिनीवर आहे की खड्ड्यावर, हे कोणताच फोटो सांगत नाही. त्यासाठी ढिगाच्या कडेला फावड्याचे दोन घाव घालून तळ पाहावा लागतो.