दिवाळीची पोस्त: किती, कधी आणि कशी

दिवाळी तोंडावर आली की मुंबई-पुण्याच्या घराघरांतून एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: “यंदा मावशींना किती द्यायचे?” मग शेजारी विचारणा होते, सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा झडते, आणि शेवटी “गेल्या वर्षी दिले तेवढेच देऊ” असं ठरतं. आजच्या बोलण्यात आपण ही पोस्त हिशेबाने ठरवून पाहू.

सुरुवात घरकामापासून करू. शहरांत साधारण रीत आहे ती एका महिन्याच्या पगाराची. ती काही हवेतून आलेली नाही. कारखान्यांना आणि कंपन्यांना लागू असलेल्या बोनसच्या कायद्यात किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या 8.33 टक्के आहे. साध्या भाषेत, बारावा हिस्सा, म्हणजेच एक महिना. घरकामाला तो कायदा लागू नाही. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण पोस्तीची सक्ती त्यातही नाही. तेव्हा इथे चालते ती फक्त रीत.

या रीतीतलं गणित नीट समजून घ्या. भांडी-धुण्याला येणाऱ्या मावशी समजा चार घरी काम करतात. प्रत्येक घराने आपल्याकडचा एक महिन्याचा पगार दिला, तर त्यांच्या हातात त्यांची स्वतःची एका महिन्याची पूर्ण कमाई येते. “आमच्याकडे तासाभराचंच तर काम आहे” म्हणून कोणी अर्धे दिले, तर तेवढी तूट त्यांच्या दिवाळीत पडते. तासाभराच्या कामाचा पगार मुळातच कमी असतो. तो पुन्हा निम्मा करायचं कारण नाही.

काम सुरू होऊन वर्ष झालं नसेल, तर जितके महिने झाले तितके बारावे हिस्से द्यावेत. पगार मध्येच वाढला असेल, तर आजचा पगार धरावा. बदलीवर आलेल्या बाईंनी दोन महिने काम सांभाळलं असेल, तर त्यांनाही त्या दोन महिन्यांचा हिस्सा द्यावा.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. भांडी-धुण्याच्या मावशींना महिना 2,500 रुपये, त्या तीन वर्षं येतात. त्यांची पोस्त 2,500. पोळ्या करणाऱ्या ताईंना महिना 4,000 रुपये, पण त्या येऊ लागून पाचच महिने झाले. चार हजारांचा बारावा भाग गुणिले पाच, म्हणजे साधारण 1,667. हा आकडा वरच्या बाजूला नेऊन 2,000 करावा. गाडीला कायमचा ड्रायव्हर नाही, लागेल तसा एक जण बोलावतात. अशा वेळी रोजाचा हिशेब न घालता वर्षभरात त्याला एकूण किती दिले ते पाहावं. समजा 36,000 दिले. त्याला बाराने भागलं की पोस्त 3,000. कायमचा, पगारी ड्रायव्हर असता, तर त्याचा अख्खा महिना. सोसायटीच्या वर्गणीचे 600 धरले, तर या घराचा एकूण खर्च 8,100 रुपये होतो. महिन्याला 675 रुपये बाजूला काढत गेलं, तर दिवाळीच्या खर्चात ही रक्कम अंगावर येत नाही.

आता सोसायटीकडे येऊ. इथे प्रत्येकाने आपापलं दिलं की कोणाकडून 2,000 आणि कोणाकडून 50 असं होतं, आणि गेटवरच्या वॉचमनकाकांची पंचाईत होते. त्यापेक्षा घरटी वर्गणी बरी. चाळीस घरांनी 600 प्रमाणे दिले, तर 24,000 जमतात. तीन वॉचमन प्रत्येकी 5,000, रोज जिने पुसणाऱ्या सफाईताई 6,000, आठवड्यातून दोनदा येणारे माळी 2,000 आणि दारोदारचा कचरा नेणाऱ्यांना 1,000, असे ते बरोबर संपतात. कोणाला किती दिले तो कागद सही घेऊन फाइलला लावावा. महिन्याभरापूर्वी बदलून आलेल्या वॉचमनला पूर्ण रक्कम आणि अकरा महिने राबून गेलेल्याला काहीच नाही, असं होऊ नये. हिस्सा महिन्यांप्रमाणे पाडावा आणि गेलेल्याला फोन करून बोलवावं.

सोसायटीच्या कमिटीने आणखी एक गोष्ट तपासावी. वॉचमन एजन्सीकडून आलेले असतील, तर एजन्सीच्या दरपत्रकात मूळ वेतन, पीएफ, ईएसआयसी यांच्या खाली बऱ्याचदा बोनसचीही ओळ असते. ती असेल, तर सोसायटी दर महिन्याच्या बिलातून बोनसचे पैसे आधीच देत असते. ते वॉचमनच्या हाती पोहोचतात का? दिवाळीआधी एजन्सीकडून वाटपाची यादी मागा आणि वॉचमनलाही सहज विचारा. ते पैसे त्याच्या हक्काचे आहेत. सोसायटीची पोस्त त्याहून वेगळी.

पैसे कधी द्यायचे, हेही महत्त्वाचं आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकीट हाती पडलं, तर मुलांचे कपडे घ्यायचे कधी आणि चकलीची भाजणी दळायची कधी? वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी द्यावेत. मावशींना शक्यतो रोख द्या, किंवा आधी विचारा. मोबाइलवरून पाठवलेले पैसे कधीकधी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात जातात. आणि उचल घेतलेली असेल तर ती पोस्तीतून कापू नका. ती ठरल्याप्रमाणे पगारातूनच वळती व्हावी.

आता भेटवस्तू. नियम एकच: वस्तू पोस्तीच्या वर, पोस्तीच्या बदल्यात नाही. पाच घरी काम करणाऱ्या बाईंना पाच साड्या आणि सोनपापडीचे पाच डबे मिळतात, पण तेलाचा डबा कोणी देत नाही. त्यामुळे तेल, साखर, रवा, बेसन असा फराळाचा शिधा आधी दिला, तर तो खरा उपयोगी पडतो. साडीच द्यायची असेल तर रंग आणि पोत विचारून घ्या, म्हणजे ती नेसली जाईल. रात्रपाळीच्या वॉचमनला स्वेटर, कानटोपी किंवा चार्जिंगची बॅटरी द्यावी, कारण दिवाळीनंतर थंडीच येते. ड्रायव्हरला चांगले बूट चालतील, माप विचारून. आपले जुने कपडे द्यायचे तर एरवी द्या, दिवाळीची भेट म्हणून नको. घरचा फराळ द्याल तो पहिल्या घाण्यातला द्या, भाऊबीजेनंतर उरलेला नव्हे.

सण सगळ्यांचा दिवाळीच असतो असंही नाही. ड्रायव्हर ईद साजरी करत असेल, स्वयंपाकाच्या ताई नाताळ करत असतील, तर त्यांना विचारा आणि त्यांच्या सणाआधी द्या. रक्कम तीच, तारीख त्यांची. आणि पोस्तीबरोबर पाडव्याची किंवा भाऊबीजेची पगारी सुट्टी द्या. त्या दिवशी घरची भांडी घरच्यांनी घासावीत.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्रीच कागद घ्या, आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा, पुढे पगार आणि महिने लिहा, आणि पाकिटं या आठवड्यातच भरून ठेवा.