वही आणि फोन



अध्यक्षानं मोठं काही बोलावं अशी रीत आहे. मी मात्र चाळीस पानी वहीबद्दल बोलणार आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे.

आर्णीकडच्या खेड्यातली एक आजी, वय ७१. दवाखान्यात बीपी १६४/९२. एसटीतून उतरून उन्हात चालत आलेली, त्यात समोर मी. गोळी वाढवायला पेन उघडलं होतं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘सर, आधी आठवडाभर घरी मोजू द्या.’

वही दिली आणि आजीला मोजायची रीत करून दाखवली. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. खर्रा किंवा तंबाखू खाल्ली असेल तर अर्धा तास थांबायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा आणि हात छातीच्या उंचीवर येईल असा उशीवर ठेवायचा, कारण हात खाली लोंबला की आकडा उगाच वाढतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडले नाहीत तरी. म्हातारी माणसं डॉक्टरला बरं वाटावं म्हणून १५० चे १३० करतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

आकड्यांची एक गंमत सांगतो. आजी मराठी अंक लिहायची, नातू इंग्रजी. घाईत लिहिलेला मराठी चार मी इंग्रजी आठ म्हणून वाचला आणि १४० चे १८० झाले! तेव्हापासून एका वहीत एकाच पद्धतीचे अंक.

आठवड्यानं वही आली. पहिला दिवस सोडून द्यायचा, त्या दिवशी यंत्राची भीती असते. उरलेल्या सहा सकाळी वरचा आकडा, दोन मोजण्यांची सरासरी काढून, १३४, १२८, १३६, १३०, १३२, १२६. संध्याकाळी १३२, १३०, १७२, १२८, १३४, १२६. त्या १७२ पुढे नातवानं लिहिलं होतं, ‘आजी मोटारीवरून बाबांशी भांडली.’ तोही आकडा धरून सरासरी १३४ आली. खालचा आकडा ८० च्या आत होता. दवाखान्यात आपण १४०/९० ला वाढलेलं म्हणतो, घरच्या सरासरीला १३५/८५ ला. आजी काठावर होती, पण अलीकडच्या. गोळी वाढवली नाही. इथवर मी स्वतःवर खूश होतो.

मग मे महिना आला. आपल्याकडचा मे काय असतो, ते इथं सांगायला नको. आजीची बीपीची गोळी चालू, सोबत लघवी वाढवणारी गोळीही. त्यात जुलाब लागले. ठरल्या तारखेला ती भिंत धरत आत आली आणि वही पुढे केली. चार दिवस सुबक अक्षरात: १०४, ९८, ९६, ९८. पुढे शेरा, ‘उठताना अंधारी येते.’ उभं करून मोजलं तर वरचा आकडा आणखी २४ नं खाली. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, ‘आजी, फोन का नाही केला?’

‘डाक्टरसाहेब, तुम्ही लिहाले सांगतलं होतं. फोन कराले कुठी सांगतलं?’

बरोबर होतं तिचं. मी वही दिली होती, पण ती कधी बंद करून फोन उचलायचा, हे सांगितलं नव्हतं.

आता वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तेच लिहून देतो. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे दिसला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल आणि बाकी काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन. आपल्या मनानं जादा गोळी घ्यायची नाही, शेजारच्यानं दिलेली जिभेखाली ठेवायची तर अजिबात नाही. वरचा आकडा १०० च्या खाली आणि सोबत चक्कर, किंवा पडणं झालं, तर आडवं व्हा आणि फोन करा. उलट्या-जुलाब लागले तर आकडा चांगला असला तरी पुढची गोळी घेण्याआधी फोन.

आणि छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर बीपी मोजत बसायचं नाही, दवाखान्याचा नंबरही शोधायचा नाही. थेट १०८. आकडा साधा दिसला म्हणून झटका नाही, असं नसतं.

हे सगळं आजीला सांगून भागत नाही. तिच्याकडून परत वदवून घ्यावं लागतं: ‘आजी, उद्या जुलाब लागले तर काय करसान?’ ती ‘डाक्टर सांगन ते’ म्हणाली, तर समजायचं की कळलेलं नाही.

उरला प्रश्न आपल्या बाजूचा. पुठ्ठ्यावर नंबर छापला, पण रात्री आठला तो वाजला तर उचलणार कोण? आमच्याकडे तो फोन सिस्टरांकडे असतो. आकडा विचारण्याआधी त्या एकच विचारतात, ‘आजी, बसून बोलून राहिल्या का उभ्यानं?’