पाकिटावरच्या चार ओळी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बचत गटांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. चूर्ण चांगलं आहे, पाकीट छान झालंय, आता त्यावर आणि मोबाइलच्या स्टेटसवर लिहायचं काय? आज आपण एकाच पाकिटाचा मजकूर घेऊन बसू आणि ओळ न् ओळ तपासू. पाकीट आहे त्रिफळा चूर्णाचं.

समजा, अकोले तालुक्याच्या डोंगरभागात एक गट आहे. तिकडे हिरडा मुबलक. गटातल्या एका ताईंच्या मुलाने फोटोखाली टाकायला मजकूर लिहून दिला तो असा: “शंभर टक्के नैसर्गिक त्रिफळा. काहीही दुष्परिणाम नाहीत. मधुमेह, बीपी, लठ्ठपणा, मुतखडा आणि पाळीच्या सर्व तक्रारी मुळापासून बऱ्या. सात दिवसांत फरक, नाहीतर पैसे परत. आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त.” वाचायला झोकदार आहे. अशी पाकिटं आपण बाजारात रोज बघतो, म्हणून यात काही वावगं आहे असं वाटतही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 1954 साली औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला. त्यात जाहिरात म्हणजे काय हे सांगताना पत्रक आलं, लेबल आलं, वेष्टन आलं, तोंडी केलेली घोषणासुद्धा आली. म्हणजे पाकिटावरची ओळ ही जाहिरातच. आठवडे बाजारात कर्ण्यावरून ओरडून सांगितलेलं, ग्रुपवर पाठवलेला आवाजी निरोप, हेही त्यातच. “आम्ही जाहिरात कुठे केली, नुसता फोटो टाकला,” हे उत्तर चालत नाही.

या कायद्याला एक यादी जोडलेली आहे. त्यात 54 रोग आणि अवस्था आहेत. यातला कुठलाही रोग आमच्या औषधाने बरा होतो, कमी होतो किंवा टळतो, अशी जाहिरात करायचीच नाही. आपल्या मुलाच्या मजकुराला ती यादी लावा. मधुमेह यादीत आहे. रक्तदाब आहे. लठ्ठपणा आहे. मुतखडा आहे. आणि पाळीच्या तक्रारींचा उल्लेख तर कायद्याच्या कलमातही आहे आणि यादीतही आहे. शिवाय गर्भाशयाचे विकार, वंध्यत्व, आणि सरसकट “स्त्रियांचे विकार” अशीही नोंद त्या यादीत आहे. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर आणि काढ्यांवर जे सर्रास छापलेलं असतं, त्यातलं बरंचसं इथे अडकतं. एका वाक्यात पाच दावे, आणि पाचही बंद.

इथे ताई हमखास विचारतात, “पण आमच्या शेजारच्या मावशींची साखर खरंच उतरली, मग खरं ते सांगायला काय हरकत?” दोन गोष्टी आहेत. मावशींची साखर उतरली तेव्हा त्यांची डॉक्टरांची गोळी चालू होती का, भात कमी केला होता का, चालायला जात होत्या का, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. आणि दुसरं म्हणजे, यादीतल्या रोगाबद्दल “आमच्याकडे अनुभव आहे” ही सबबच लागू होत नाही. कारण साधं आहे. हे रोग तपासणी आणि नियमित उपचार मागणारे आहेत. पाकीट वाचून कोणी इन्सुलिन सोडलं, बीपीची गोळी बंद केली, किंवा अंगावरून जास्त जातंय ते गर्भाशयातली गाठ असेल म्हणून तपासायचं सोडून तीन महिने चूर्ण घेत राहिलं, तर गेलेला वेळ परत येत नाही. पाकीट विकणारी तिथे हजर नसते. वाचणारी एकटी असते, आणि छापलेलं तिला खरं वाटतं.

काही जण मग वळणाने लिहितात. रोग बरा होतो असं म्हणत नाहीत, नुसतं विचारतात, “साखर वाढली आहे का?” आणि खाली पाकिटाचा फोटो. किंवा सुटलेल्या पोटाला टेप लावलेलं चित्र. किंवा नावच “शुगर-मुक्त चूर्ण”. किंवा मजकूर साधा ठेवून खाली #मधुमेह अशी खूण. कायद्याचे शब्द असे आहेत की, त्या रोगासाठी वापर सुचवणारी जाहिरातही तितकीच बंद. चित्र, नाव आणि खूण मिळून वाचणारीच्या मनात जे उभं राहतं, त्यावर दावा ठरतो. समाधानी ग्राहकाचा निरोप “मावशींची साखर 280 वरून 110” म्हणून पुढे पाठवला, तर तोही आपलाच दावा झाला.

आता राहिलेल्या ओळी. “काहीही दुष्परिणाम नाहीत.” त्रिफळा जास्त झालं तर जुलाब होतात, हे घरात कोणालाही विचारा. आणि गर्भवतीने हिरडा घेऊ नये, हे तर आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतच सांगितलेलं आहे. म्हणजे ही ओळ आयुर्वेदाच्याही विरुद्ध जाते. औषधाच्या गुणाबद्दल खोटा समज करून देणारी जाहिरात याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात बसते. “सात दिवसांत फरक, नाहीतर पैसे परत” ही खात्री कशावरून दिली, याचा कागद गटाकडे नाही. आणि “आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त” हे तर सरळ खोटं. ते मंत्रालय कुठल्याही कंपनीला किंवा तिच्या औषधाला मान्यता देत नाही. आयुर्वेदिक औषध बनवायचा परवाना राज्याची यंत्रणा देते, आणि तो बनवण्याचा परवाना असतो, गुणाची हमी नसते.

परवान्याचा विषय निघालाच आहे तर इथे थांबू या, कारण मजकूर लिहायच्या आधीची पायरी ती आहे. त्रिफळा औषध म्हणून विकायचं तर ते परवाना असलेल्या जागेतच बनलं पाहिजे. तो परवाना 25-डी नमुन्यातला असतो, आणि त्याचा क्रमांक पाकिटावर लागतो. आपल्या ओसरीवर दळून “आयुर्वेदिक औषध” म्हणून विकता येत नाही. गटापुढे दोन वाटा आहेत. वाळवलेला, निवडलेला माल परवानाधारक कारखान्याला विकायचा. किंवा अशा कारखान्यात आपल्या नावाने बनवून घ्यायचं, त्यासाठी 25-ई नमुन्यातला वेगळा परवाना असतो. तयार आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला मात्र वेगळा परवाना लागत नाही. आणि खाद्यपदार्थाचा नंबर घेऊन त्यावर औषधाचे गुण लिहिणं, ही पळवाटही बंद आहे. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असं लिहायला अन्नसुरक्षेच्या नियमांतही मनाई आहे.

हे नियम पाळले नाहीत तर काय होतं? 1954 च्या कायद्यात पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्यांनाही सूट नाही. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनेने 2022 साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 2024 च्या एप्रिलमध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून माफी छापावी लागली, आणि माफीचा आकार तुमच्या जाहिरातींएवढा होता का, असं न्यायालयाने विचारलं. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या परवाना यंत्रणेने त्यांच्या 14 औषधांचे परवाने निलंबित केले.

मग लिहायचं काय? पुष्कळ आहे. बद्धकोष्ठ त्या यादीत नाही, आणि पोट साफ होण्यासाठी त्रिफळ्याचा वापर ग्रंथांत सांगितलेला आहे. तेव्हा असं लिहा:

“त्रिफळा चूर्ण. आयुर्वेदिक औषध. हिरडा, बेहडा, आवळा, तिन्ही सम प्रमाणात. पोट साफ होण्यासाठी आयुर्वेदात परंपरेने वापर. मात्रा वैद्यांच्या सल्ल्याने. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारावं. आठवड्याभरात आराम न पडल्यास किंवा शौचातून रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवावं.”

यातला “परंपरेने वापर” हा शब्द सांभाळून वापरायचा. वापर होत आला आहे, एवढंच तो सांगतो. “सिद्ध झालंय” असं तो सांगत नाही, आणि आपण त्याला तसं सांगायला लावायचं नाही. शिवाय खाली बारीक अक्षरात इशारा लिहिला म्हणून वर मोठ्या अक्षरात हवं ते लिहिता येत नाही. ग्राहक संरक्षणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना तसं बजावतात. ज्या भाषेत वरचं लिहिलंय त्याच भाषेत, वाचता येईल अशा अक्षरात खालचं हवं.

आता गटाची खरी जमेची बाजू. “हा हिरडा आमच्या गटातल्या बायकांनी अकोल्याच्या डोंगरात वेचला आहे.” ही ओळ कोणत्याही मोठ्या कंपनीला लिहिता येणार नाही, आणि यात रोगाचं नावही नाही. पण तीही सिद्ध करता आली पाहिजे. आपल्या डोंगरात उन्हाळ्यात जो वेचून विकला जातो तो बहुतेक बाळहिरडा, म्हणजे कोवळं, वाळलेलं फळ. त्रिफळ्याला लागते ती पिकलेल्या हिरड्याची साल, बी काढून. तेव्हा पाकिटावर बाळहिरड्याचा फोटो आणि आत बाजारातून आणलेली हिरडेसाल, असं झालं तर ही गोड ओळही खोटी ठरते. कोणी, कधी, कुठून किती किलो आणला याची एक वही ठेवा, आणि त्या वहीत प्रत्येक घाण्याचा क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळू द्या. निम्मा माल बाहेरचा असेल तर “सर्व” हा शब्द काढा. “हातकुटी” लिहायचं तर हातानेच कुटलेलं असलं पाहिजे.

मजकूर छापायला देण्याआधी तो गटातल्या अशा बाईला मोठ्याने वाचून दाखवा जिला साखर किंवा बीपी आहे. वाचून झाल्यावर विचारा, “यावरून तुम्हाला काय वाटलं?” ती म्हणाली, “गोळी सोडून हे घ्यावं,” तर शब्द कितीही सभ्य असोत, मजकूर बदलायचा. ती म्हणाली, “पोट साफ व्हायला आहे, डॉक्टरांना विचारून घेईन,” तर छापायला द्या.

आणि तुम्ही विकत घेणाऱ्या असाल, तर पाकिटावर मधुमेह किंवा पाळीच्या तक्रारींचा दावा दिसला की फोटो काढून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार करता येते, किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. फोटोत परवाना क्रमांक, घाणा क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता आला पाहिजे. यातलं काही पाकिटावर नसेलच, तर तेही तक्रारीत लिहा.